आईची बातमी कुठे टाकायची

आई सकाळी गेली. दुपारी आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती बैठक बसली. आई गेली याबद्दल बैठकीत कुणाचंही दुमत नव्हतं. प्रश्न होता तो ही बातमी कुठे टाकायची, हा.

पर्याय तीन होते. सगळ्यांना दिसेल अशी पोस्ट, फोटोसकट आणि खाली मजकुरासकट. क्लोज फ्रेंड्सपुरती स्टोरी, जी एका दिवसात आपोआप मावळते. किंवा ज्याला त्याला वेगळा खाजगी निरोप. तिन्हींचे फायदे-तोटे असतात, त्यामुळे घाईने निर्णय घेणं योग्य होणार नाही, असं काका म्हणाले. काका बाबांचे धाकटे भाऊ. आयुष्यभर एका सरकारी कार्यालयात मोठ्या बाबूच्या खुर्चीत बसले आणि निवृत्त होताना घाईने निर्णय न घेण्याची सवय घरी घेऊन आले. बैठकीचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आपसूकच गेलं, कारण हात असलेली एकच खुर्ची होती आणि ते तिच्यात बसले होते.

दादा, म्हणजे माझा थोरला भाऊ, एका मोठ्या कंपनीत जनसंपर्क विभागाचा प्रमुख आहे. कंपनीत काही वाईट घडलं की ते चांगलं वाटेल असं लिहिणं हे त्याचं काम. वहिनी लोकांची घरं सजवते आणि सजवलेल्या घरांचे फोटो टाकते. तिला फॉलो करणारे इतके आहेत, की घरात तिच्याशी बोलताना आपण मध्ये येतो आहोत असं वाटतं. टेबलावर आईची औषधाची बाटली होती, तिचा चष्मा होता. वहिनीने ते दोन्ही उचलून खिडकीत ठेवले, कारण फ्रेममध्ये येत होते.

बाबा आतल्या खोलीत पलंगाच्या कडेला बसून होते. त्यांनी तिथूनच विचारलं, "तिच्या बहिणीला कळवलं का?"

आईची थोरली बहीण, माझी मावशी, रेल्वेने तीन-चार तासांवर एकटी राहते. आई लहान असताना आजी आजारी असायची. आईची वेणी, आईचा अभ्यास, आईचा पहिला ताप हे सगळं मावशीने केलं. दोघी रोज सकाळी फोनवर बोलत. आई दवाखान्यात आहे हे मावशीला माहीत होतं. किती वाईट आहे हे माहीत नव्हतं, कारण आईनेच बजावलं होतं, "तिला घाबरवू नका, ती चप्पल न घालता निघेल."

मी फोन उचलला. दादाने माझ्या हातावर हात ठेवला.

"फोन आत्ता नको."

"मावशी आहे दादा."

"म्हणूनच नको. मावशीला सांगितलं म्हणजे जाहीर झालं. आपला मजकूर अजून ठरला नाही. बातमी आपल्याकडून गेली पाहिजे."

"बाळाच्या वेळचं आठवतंय ना," वहिनी म्हणाली. वहिनीने तेव्हा दोन कप आणि एक छोटा कप असा एक सूचक फोटो टाकला होता. लोक अंदाज बांधत बसतील आणि मग आठवड्याने उलगडा करायचा, असं ठरलेलं होतं. मावशीने पहिल्याच मिनिटाला खाली लिहिलं होतं, "कितवा लागला गं?" घराने हा प्रकार माफ केला होता, पण त्याची नोंद ठेवली होती.

"खाजगी निरोपांचं काम माझ्याकडे," दादा म्हणाला. "मावशी पहिली. तू दवाखान्यातले कागद बघून ये."

विभागणी रीतसर झाली होती. मी गेले.

दवाखान्याच्या खिडकीवर एक बाई बसल्या होत्या. त्यांनी आईचं नाव, वय, वेळ विचारली, आणि मान वर न करता म्हणाल्या, "संध्याकाळी न्या. कुणी बाहेरगावाहून यायचं असेल तर आत्ताच सांगा, म्हणजे ठेवता येईल." मी म्हटलं, बहीण यायची आहे. त्यांनी मान हलवली. दिवसभरात या विषयावर माझ्या कानावर आलेलं हे सगळ्यात स्पष्ट बोलणं होतं.

परत आले तेव्हा बाबा आडवे झाले होते. मला बघून म्हणाले, "ताईंना कळवलंय, दादा म्हणाला. बरं झालं. त्या आल्याशिवाय तिला हलवायचं नाही."

टेबलावर काम बरंच पुढे गेलं होतं. सार्वजनिक पोस्टच्या मजकुराचा कितवा तरी खर्डा चालू होता.

"बघ," दादाने मला समजावलं. "फोटोखाली सुरुवातीची एखादी ओळच दिसते. बाकीचं 'आणखी' दाबलं तर उघडतं. आणि कुणी दाबत नाही. म्हणजे सगळा जोर पहिल्या ओळीवर. पहिल्याच ओळीत मृत्यू आला की लोक अंगठा वर सरकवतात. मी आकडे बघतो ना रोज."

"मग पहिल्या ओळीत काय आहे?"

त्याने वाचलं, "'आज एका सुंदर प्रवासाने नवं वळण घेतलं आहे.'"

"आई गेली हे कुठे आहे?"

"चौथ्या ओळीत. हळूहळू येतं ते."

"थेट 'निधन' लिहू नये," काका म्हणाले. "निधन म्हणजे वर्तमानपत्र. आणि खाली प्रतिक्रिया बंद ठेवायच्या की चालू, ते आधी ठरवा. चालू ठेवल्या तर उत्तरं देण्याची जबाबदारी कुणाची?"

"बंद कशाला?" वहिनी म्हणाली. "बंद केल्या तर लोकांना वाटेल आपल्याला लपवायचंय काहीतरी. आणि लोकांना व्यक्त व्हायचं असतं."

"आपल्याला नाही का व्हायचं?" मी विचारलं.

"अगं, मग ये ना तू पण. संयुक्त पोस्ट करू. माझं नाव, ह्यांचं नाव, तुझं नाव. तिघांच्याही लोकांना दिसते. फक्त तुला आमंत्रण येईल, ते स्वीकारायचं."

आईच्या मृत्यूचं मला आमंत्रण आलं. मी ते स्वीकारलं नाही. काकांनी हा मुद्दा "एक सदस्य तटस्थ" असा मिटवला.

फोटोवरही विचारमंथन झालं होतं. आईचे चांगले फोटो खूप होते, पण त्यांत दादा नव्हता. दादा होता त्यात आईचे डोळे मिटलेले होते, आणि ते आजच्या दिवशी बरं दिसलं नसतं. शेवटी एका समारंभातला निवडला. त्यात आई कुणाकडे तरी बघून मनापासून हसते आहे. ती ज्याच्याकडे बघते आहे तो माणूस कापून टाकला होता. ती मावशी होती.

"सूनबाई, तुझ्या फोनवर ते काय आलं?" काकांनी विचारलं. वहिनीचा फोन टेबलावर एकसारखा थरथरत होता.

"स्टोरीला उत्तरं येतायत."

"कसली स्टोरी?"

"छोटीशी टाकलीय. क्लोज फ्रेंड्सना फक्त. सार्वजनिक करण्याआधी थोडा अंदाज घ्यावा म्हणून. पांढरी पार्श्वभूमी, आईंचा हात माझ्या हातात, कोपऱ्यात बारीक अक्षरात दोन ओळी. खूप संयत आहे."

मी माझा फोन उघडला. ज्यांना क्लोज फ्रेंड्समध्ये घेतलेलं असतं त्यांना त्या माणसाच्या चित्राभोवती हिरवी कडा दिसते. वहिनीच्या चित्राभोवती मला कोणतीही कडा दिसली नाही.

"मी नाही का तुझ्या यादीत?"

"अगं, तू तर घरची."

यादीत कोण आहे हे यादीतल्या लोकांना कळत नाही, फक्त मालकाला कळतं. काकांनी अध्यक्ष या नात्याने ती पाहायला मागितली. यादी बरीच लांब होती. पडदेवाला होता. व्यायाम शिकवणारी होती. दोन गिऱ्हाइकं होती, ज्यांचं काम अजून मिळायचं होतं. दंतवैद्य होते. एक गृहस्थ असे होते, की वहिनी म्हणाली, "हे कोण बरं?"

"इतके सगळे जवळचे?" काका म्हणाले.

"हिरवं दिसलं की माणसाला बरं वाटतं. आपण खास आहोत असं. मग ते सगळं बघतात."

"काढून टाका ना आता थोडे."

"काढलं तर त्यांना कळत नाही, पण ज्यांनी बघितलं त्यांनी बघितलंच. आणि आजच्या दिवशी माणसं कमी करायची?"

यादी सरकत होती. मी वहिनीच्या खांद्यावरून बघत होते. पडदेवाला आणि दंतवैद्य यांच्या मध्ये मावशी होती.

"मावशी हिरव्यात आहे?"

"हो. त्या रोज सगळ्या स्टोऱ्या बघतात आणि सगळ्यांना हार्ट देतात. अशा लोकांना ठेवायचंच असतं."

"दादा," मी म्हटलं, "मावशीला तू फोन केलास ना?"

"कळवलं."

"फोन केलास?"

"मेसेज केला. अगदी खाजगी. बघ हवं तर." त्याने त्याचा फोन माझ्याकडे सरकवला. "शोक – जवळचे" नावाची एक ब्रॉडकास्ट लिस्ट त्याने तयार केली होती. एकदाच लिहायचं, आणि प्रत्येकाला तो निरोप फक्त आपल्यालाच आला आहे असं वाटतं. "प्रिय," अशी सुरुवात होती. पुढे नाव नव्हतं, म्हणजे कुणालाही चाललं असतं.

या प्रकाराची एक अट असते. ज्याच्या फोनमध्ये आपला नंबर साठवलेला आहे त्यालाच तो निरोप पोचतो. दादाने दोन महिन्यांपूर्वी कंपनीचा नवीन नंबर घेतला होता. मी निरोपावर बोट दाबून धरलं आणि तपशील उघडला. कुणाकुणाला पोचला ती नावं खाली येतात. कंपनीतले सगळे होते. मावशी नव्हती.

"पोचलाच नाही."

"पाठवला तर होता," दादा म्हणाला. त्याच्या आवाजात प्रामाणिक दुखावलेपण होतं. "माझ्या बाजूने गेलाय."

"म्हणजे कळवल्याची कार्यवाही पूर्ण आहे," काका म्हणाले. "पोचणं हा वेगळा भाग झाला."

वहिनीचा फोन पुन्हा थरथरला. तिने बघितलं आणि तिच्या चेहऱ्यावरचा संयत भाव गेला.

"काय झालं?"

"मावशींचं उत्तर आलंय. स्टोरीला."

"वाच."

तिने वाचलं. "'हा हात माझ्या बहिणीचा ना. किती वाळलाय. नखं काढा गं तिची, तिला वाढलेली चालत नाहीत. सकाळपासून फोन उचलत नाहीये, झोपलीय का?'"

मला कळलं काय झालं असणार ते. स्टोऱ्या एकामागून एक आपोआप पळतात. चित्रावर बोट दाबून धरलं तर थांबतात, पण हे मावशीला कुणी शिकवलं नव्हतं. कुणाची तरी नवी उशी, कुणाचा तरी कुत्रा, मग पांढऱ्यावर एक हात, कोपऱ्यात बारीक अक्षरं, आणि चष्मा सावरेपर्यंत पुढचं काहीतरी. अक्षरं तिला वाचता आली नाहीत. हात वाचता आला.

"तू हे उघडलंस?" दादाने वहिनीला विचारलं.

"हो."

"म्हणजे तिला 'पाहिलं' असं दिसणार. आता उत्तर द्यावं लागेल."

"मी चुकून हार्टपण दिलाय," वहिनी म्हणाली. "सवयीने."

बैठकीपुढे आता नवा विषय आला. मावशीच्या निरोपाला काय उत्तर द्यायचं, आणि ते उत्तर आधी द्यायचं की पोस्ट आधी टाकायची. दादाचं म्हणणं, पोस्ट लगेच टाकावी, म्हणजे मावशी ती वाचेल आणि तिला वेगळं सांगावं लागणार नाही. शिवाय मजकूर सुंदर आहे, धक्का कमी बसेल. काका म्हणाले, तत्त्वतः मान्य. मी माझ्या फोनवर मावशीचा नंबर लावला. तो व्यस्त लागला. पुन्हा लावला. व्यस्तच होता.

"पण टॅगचं राहिलंय," दादा म्हणाला. "आईला टॅग करायचं ना पोस्टमध्ये?"

"तिची मान्यता लागेल का?" काकांनी विचारलं.

हा प्रश्न त्यांनी गांभीर्याने विचारला होता, आणि उत्तर होय असं होतं. मागे आईच्या खात्याला कुणीतरी भलत्याच जाहिरातींत टॅग करायचं, म्हणून दादानेच तिच्या फोनमध्ये तशी सोय करून ठेवली होती. कुणीही टॅग केलं तरी आईने "मान्य" दाबल्याशिवाय ते लागत नाही. तेव्हा आईच्या मृत्यूच्या पोस्टला आईची मान्यता घेण्यासाठी तिचा फोन आणायचं ठरलं. दादा बाबांच्या खोलीतून तो घेऊन आला. तो आवाज बंद करून उशीखाली ठेवलेला होता. दादाने आवाज चालू केला, टेबलाच्या मधोमध ठेवला, आणि त्याच क्षणी तो वाजला.

पडद्यावर "ताई" असं आलं. म्हणूनच मला व्यस्त लागत होता.

आईने मावशीसाठी वेगळी धून लावली होती, ते मला माहीत नव्हतं. आम्ही चौघं त्या फोनकडे बघत राहिलो.

"उचलू नका," काका म्हणाले. "मजकूर अंतिम झालेला नाही."

"कट केला तर वाईट दिसेल," वहिनी म्हणाली.

मी हात पुढे केला, पण बाबा माझ्या आधी आले होते. धून ऐकून ते उठून आले असणार. त्यांना ती माहीत होती. एका हाताने दाराची चौकट धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन घेतला. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून ते नेहमी स्पीकर लावून बोलतात. त्यांनी तो लावला.

"ताई," बाबा म्हणाले, "निघालात का?"



"कुठे?" मावशी म्हणाली.

"सावकाश या. घाई करू नका. तुम्ही आल्याशिवाय नेणार नाही आम्ही तिला. दवाखान्यात सांगून ठेवलंय."

"कुठे नेताय तिला? दुसरीकडे हलवताय का?"

बाबांनी दादाकडे बघितलं. सगळं आयुष्य मुलाच्या शब्दावर विश्वास ठेवलेल्या माणसाने जसं बघावं तसं बघितलं. दादा टेबलाकडे बघत होता.

"ताई, तुम्हाला कळवलं होतं ना?" बाबा म्हणाले. "दादाने कळवलं ना तुम्हाला?"

"काय कळवलं? भाऊजी, काय कळवलं? तिला द्या फोन."

मी त्यांच्या हातातून फोन घेतला, स्पीकर बंद केला आणि भिंतीकडे तोंड केलं. मी म्हटलं, "मावशी, मी बोलतेय. बस आधी. आई गेली गं. सकाळी. मी जवळ होते." एवढंच वाक्य होतं. त्याला पहिली ओळ नव्हती, चौथी ओळ नव्हती. बोलायला दोन श्वास लागले असतील, आणि ते सकाळपासून या घरात कुणालाही शक्य झालं नव्हतं. त्यात मीही आले.

मावशी ओरडली नाही. म्हणाली, "मी मघाशी नखांचं लिहिलं."

"हो."

"ती तेव्हा नव्हतीच?"

"नव्हती."

"आणि तिकडून हार्ट आला," मावशी म्हणाली. "मला वाटलं, आहे."

संध्याकाळी मावशी आली. शेजारच्या मुलीला बरोबर घेऊन आली होती. पायांत चपला होत्या, पण दोन वेगवेगळ्या. तिने आईचा हात हातात घेतला, पिशवीतून नखं कापायची कातर काढली, आणि दवाखान्याच्या त्या थंड खोलीत बसून एकेक बोट नीट केलं. वहिनीने फोन काढला होता. बाबांनी तिच्याकडे बघितलं. तिने तो परत ठेवला. तेवढं श्रेय तिला दिलं पाहिजे.

पोस्ट दुसऱ्या दिवशी गेली. बैठकीने झाल्या प्रकारातून योग्य तो धडा घेतला होता, त्यामुळे मजकुरात एका वाक्याची भर पडली: "आमच्या सर्व आप्तांना व्यक्तिशः कळवल्यानंतरच हे आपल्यासमोर मांडत आहोत." आईच्या टॅगला दादानेच तिच्या फोनवरून मान्यता दिली. मावशीने पोस्ट शेजारच्या मुलीकडून वाचून घेतली आणि खाली एक ओळ लिहायला सांगितली. "मला कुणी सांगितलं नाही." दादाने ती थोड्या वेळाने काढली. इतरांच्या भावनांशी तिचा सूर जुळत नव्हता, असं तो म्हणाला. प्रतिक्रिया काढली की लिहिणाऱ्याला तसं कळवलं जात नाही. मावशी अजून समजते की ती तिथे आहे आणि लोक वाचतायत.

पोस्ट फार चांगली चालली. इतकी की दादाच्या साहेबांनीही मजकुराचं कौतुक केलं. खूप जणांनी हात जोडले. खूप जणांनी "शब्द नाहीत" असं शब्दांत लिहिलं. आणि बऱ्याच जणांनी, पहिली ओळ वाचून, आई हसते आहे तो फोटो बघून, "अभिनंदन! पुढच्या वाटचालीस मनःपूर्वक शुभेच्छा" असं लिहिलं आहे.

तुम्हीही लिहिलंय. नाव दिसतं आम्हाला. संकोच करू नका, वहिनीने तुम्हालाही हार्ट दिला आहे, आणि हिरव्या यादीत घेतलं आहे.